एक ग्राहक, दोन दुरुस्त्या

कोल्हापुरातला एखादा पंपांचा वितरक घ्या. त्याच्याकडे विक्रीची माणसे ग्राहकांची माहिती सीआरएममध्ये ठेवतात. गावोगाव फिरताना मोबाइलवरून ती बघता येते, बदलता येते. हिशेबाची माणसे टॅलीत काम करतात. तिथे हाच ग्राहक ‘पार्टी’ असतो आणि त्याचे लेजर असते. नाव, पत्ता, मोबाइल, जीएसटी क्रमांक, उधारीची मुदत अशी बरीच माहिती दोन्हीकडे लागते. ती दोनदा भरावी लागू नये म्हणून मध्ये एक प्रोग्रॅम बसवलेला असतो. तो ठरावीक वेळाने धावतो, इकडचे बदल तिकडे नेतो आणि तिकडचे इकडे आणतो. याला सगळे ‘सिंक’ म्हणतात.

समजा, हा सिंक दर दोन तासांनी धावतो. दुपारी बारा वाजता तो धावला तेव्हा एका ग्राहकाची नोंद दोन्हीकडे तंतोतंत सारखी होती. १२ वाजून ४० मिनिटांनी विक्री प्रतिनिधीने सीआरएम उघडले. ग्राहकाने दुकान कोल्हापूरहून म्हापशाला हलवल्याचे त्याला कळले होते. त्याने पत्ता, पिनकोड आणि राज्य बदलले आणि खरेदी बघणाऱ्या माणसाचा नवा मोबाइल क्रमांक टाकला. सव्वा वाजता लेखापालाने टॅलीत त्याच पार्टीचे लेजर उघडले. ग्राहकाशी बोलून त्याने उधारीची मुदत ३० दिवसांवरून ४५ केली, नवा ईमेल टाकला आणि पेमेंट करणाऱ्या माणसाचा मोबाइल क्रमांक नोंदवला. दोघांनीही आपापले काम चोख केले. दोघांनाही एकमेकांच्या दुरुस्तीचा पत्ता नव्हता. आता दोन वाजता सिंक धावेल तेव्हा त्याच्यासमोर एकाच ग्राहकाच्या दोन वेगळ्या नोंदी असतील. त्याने काय करावे?

शेवटचा तो खरा?

सर्वांत सोपा आणि बाजारात सर्रास आढळणारा नियम म्हणजे ज्याची दुरुस्ती शेवटची, त्याची नोंद खरी. लेखापालाची दुरुस्ती सव्वाची, म्हणून टॅलीतली अख्खी नोंद सीआरएमवर चढवायची. या नियमाने मुदत आणि ईमेल बरोबर आले, पण म्हापशाचा पत्ता पुसला गेला. लेखापालाने पत्त्याला हातही लावला नव्हता, त्याच्या पडद्यावर जुना पत्ता होता इतकेच. तो जुना पत्ता ‘नवीन’ ठरून परत आला. पुढच्या आठवड्यात पंप कोल्हापूरच्या बंद दुकानासमोर उतरतो, तेव्हा प्रतिनिधी शपथेवर सांगतो की पत्ता मी बदलला होता, आणि सीआरएममध्ये मात्र त्याचा मागमूस नसतो. कुठेही चुकीचा संदेश झळकत नाही. सिंकच्या अहवालात ‘यशस्वी’ असेच लिहिलेले असते.

दुसरी अडचण घड्याळाची. ‘शेवटची’ कोणती हे ठरवायला दोन्ही घड्याळे सारखी असावी लागतात. इंटरनेटवरच्या बहुतेक सीआरएम प्रणाली वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात, आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. कार्यालयातल्या संगणकावरचे सॉफ्टवेअर स्थानिक वेळ लिहिते. सिंक लिहिणाऱ्याने हे रूपांतर विसरले, तर प्रतिनिधीने सव्वा वाजता केलेली दुरुस्ती ७ वाजून ४५ मिनिटांची दिसते आणि लेखापालाने त्याआधी १२ वाजून १० मिनिटांनी केलेली दुरुस्ती तिच्यावर मात करते. अशा व्यवस्थेत हिशेब विभाग जवळजवळ प्रत्येक वेळी जिंकतो. हा दोष पकडायची खूणही हीच. संघर्षांच्या नोंदवहीत एकच बाजू सतत विजयी दिसली, तर माणसांआधी घड्याळांवर संशय घ्यावा.

वेगवेगळ्या संगणकांवरच्या घटनांचा क्रम घड्याळावरून खात्रीने लावता येत नाही, हा मुद्दा लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात मांडला आणि त्याऐवजी दर घटनेगणिक वाढत जाणारा आकडा वापरण्याची रीत सांगितली. टॅलीतल्या प्रत्येक खात्याला ALTERID नावाचा असाच एक आकडा असतो. खात्यात बदल झाला की तो पुढे सरकतो. ‘मागच्या सिंकनंतर हे खाते बदलले का?’ या प्रश्नाला तो घड्याळापेक्षा भरवशाचे उत्तर देतो. मात्र खात्यातले नेमके काय बदलले, हे तोही सांगत नाही.

तिसरी प्रत

ते कळायला तिसरी प्रत लागते. एका मजकुराची मुद्रिते दोन जणांनी वेगवेगळी तपासली, तर दोघांच्या दुरुस्त्या एकत्र करणारा माणूस मूळ हस्तलिखित शेजारी ठेवतो. ते नसेल तर दोन मुद्रितांत फरक आहे एवढेच त्याला दिसते. फरक कोणी केला आणि कोणाकडे मूळचा शब्द तसाच राहिला, हे मूळ बघूनच कळते.

सिंकचेही तसेच. बारा वाजता दोन्हीकडे जी नोंद सारखी होती, तिची एक प्रत सिंकने स्वतःजवळ ठेवायची. या प्रतीला ‘पाया’ म्हणू. दोन वाजता प्रत्येक रकाना तीन ठिकाणी बघायचा: पाया, सीआरएम आणि टॅली. सीआरएममधला रकाना पायासारखाच असेल, तर बदल फक्त टॅलीत झाला, तो घ्यायचा. टॅलीतला पायासारखा असेल, तर सीआरएमचा घ्यायचा. दोघांनी बदलून एकच किंमत लिहिली असेल, तर भांडणच नाही. दोघांनी बदलली आणि वेगवेगळी लिहिली, तेवढाच खरा संघर्ष. यात घड्याळ लागतच नाही.

आपल्या ग्राहकावर हे चालवून बघू. पत्ता फक्त सीआरएममध्ये बदलला, म्हणून म्हापसा. मुदत फक्त टॅलीत बदलली, म्हणून ४५ दिवस. ईमेल टॅलीचा. राहिला मोबाइल. पायात एक क्रमांक, सीआरएममध्ये दुसरा, टॅलीत तिसरा. अख्ख्या नोंदीचे वाटणारे भांडण एका रकान्यावर येऊन थांबले.

तुलना करण्यापूर्वी एक साफसफाई मात्र आवश्यक असते. एकीकडे मोबाइल +९१ लावून लिहिलेला असतो, दुसरीकडे नुसते दहा आकडे. एकीकडे नावाच्या शेवटी रिकामी जागा राहिलेली असते, दुसरीकडे सगळी नावे मोठ्या लिपीत. संगणकाला हे सगळे बदलच वाटतात. दोन्ही बाजूंच्या किमती आधी एका ठरलेल्या रूपात आणल्या नाहीत, तर रोज शेकडो खोटे संघर्ष उभे राहतात, आणि त्यांना कंटाळून कोणीतरी ‘सगळे मान्य’ हे बटण दाबते. त्या ढिगात खरे संघर्षही दाबले जातात.

रकाने बरोबर, नोंद चूक

इथपर्यंत आलेला प्रोग्रॅम चांगलाच म्हणायचा. तरीही आपल्या उदाहरणात तो एक चूक करून बसला आहे. पत्ता म्हापशाचा झाला, राज्य गोवा झाले. जीएसटी क्रमांक कोणीच बदलला नव्हता, म्हणून तो पायातला तसाच राहिला. तिन्ही रकाने नियमाप्रमाणे बरोबर आहेत, पण जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. आता नोंदीत राज्य गोवा आहे आणि क्रमांक २७ ने सुरू होतो आहे.

याचा परिणाम थेट बिलावर होतो. कोल्हापूरच्या विक्रेत्याने महाराष्ट्रातच माल पोचवला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन भाग लागतात, गोव्यात पोचवला तर आयजीएसटी लागतो. राज्याचा रकाना बघून कर ठरवणारे सॉफ्टवेअर एक सांगेल, जीएसटी क्रमांक बघून ठरवणारे दुसरे. चुकीच्या क्रमांकावर बिल गेले, तर ग्राहकाला कराचा परतावा हिशेबात धरताना अडचण येते, आणि मग दुरुस्तीची बिले करत बसावे लागते.

यावर तोडगा असा की काही रकाने सुटे समजायचेच नाहीत. पत्ता, पिनकोड, राज्य आणि जीएसटी क्रमांक यांची एक मोट बांधायची. मोटेतल्या एका रकान्यात बदल झाला, तर संपूर्ण मोट तपासायची. राज्य बदलले आणि क्रमांकाचे पहिले दोन आकडे त्याला जुळले नाहीत, तर ती मोट थांबवून ठेवायची आणि बाकीची नोंद पुढे जाऊ द्यायची.

इथे प्रोग्रॅमने स्वतःच निकाल देण्याची घाई करू नये. ग्राहकाने खरेच गोव्यात नवी नोंदणी घेतली असेल आणि तिचा क्रमांक अजून कळवला नसेल. किंवा त्याची नोंदणी कोल्हापूरचीच असेल आणि म्हापसा हे फक्त माल उतरवण्याचे ठिकाण असेल. दुसऱ्या बाबतीत नोंदणीचा पत्ता बदलायचाच नव्हता, माल पोचवण्याचा वेगळा पत्ता जोडायचा होता. दोन आकड्यांची विसंगती संगणकाला दिसते, तिच्यामागचे कारण मात्र ग्राहकाला फोन केल्यावरच कळते.

कोणाचे कोणी ठरवायचे

आता उरलेल्या मोबाइलकडे वळू. दोघांनीही तो बदलला, दोघांचेही क्रमांक खरे. प्रतिनिधीच्या लेखी हा रकाना म्हणजे ‘माल कोण मागवतो’, लेखापालाच्या लेखी ‘पैसे कोण देतो’. एकाच रकान्यात दोन अर्थ कोंबल्यावर तो दर महिन्याला भांडण लावणारच. यावर उपाय म्हणजे खरेदीचा मोबाइल आणि पेमेंटचा मोबाइल असे दोन रकाने करणे. वारंवार भांडणारे रकाने शोधून काढले, तर त्यांतल्या बऱ्याच जणांचे दुखणे हेच निघते. असे रकाने दुरुस्त करणे हे कुठल्याही हुशार नियमापेक्षा अधिक टिकाऊ काम आहे.

बाकीच्या रकान्यांसाठी मालकी आधीच ठरवून कागदावर लिहावी लागते. उधारीची मुदत आणि मर्यादा हिशेब विभागाची, भेटीच्या नोंदी आणि पुढचा संपर्क विक्रीचा. ज्याची मालकी त्याची किंमत शेवटची. एवढेच नव्हे, मालकी नसलेल्या बाजूला तो रकाना बदलताच येणार नाही अशी सोय केली, तर तिथे संघर्ष जन्मालाच येत नाही. प्रतिनिधीला मुदत दिसावी, पण बदलण्याचे बटण नसावे.

काही रकान्यांत मालकीपेक्षा नुकसानीचा विचार करावा लागतो. ग्राहकाने ‘जाहिरातीचे फोन नकोत’ असे एका ठिकाणी सांगितले आणि दुसरीकडे त्याच रकान्यात काही वेगळी खटपट झाली, तर नकारच जिंकला पाहिजे, मग तो आधीचा असो वा नंतरचा. चुकून फोन केला नाही तर एखादी विक्री जाते. चुकून केला तर ग्राहकाच्या स्पष्ट नकाराचा भंग होतो, आणि दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मान्य केला आहे. पुन्हा होकार द्यायचा असेल, तर तो ग्राहकाकडून नव्याने नोंदवून घ्यावा.

कोणती चूक परवडते, हा प्रश्न मोठ्या कंपन्यांनाही सुटलेला नाही. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्या ‘डायनॅमो’ या साठवण प्रणालीवर निबंध प्रसिद्ध केला. ग्राहकाच्या खरेदीच्या टोपलीच्या दोन वेगळ्या प्रती तयार झाल्या, तर त्या एकत्र करताना टाकलेली वस्तू कधीही हरवू द्यायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. त्याची किंमतही त्यांनी मान्य केली होती. काढून टाकलेली वस्तू कधीकधी टोपलीत परत दिसे. दुकानदाराच्या दृष्टीने वस्तू हरवण्यापेक्षा परत दिसणे बरे, हा व्यापारी निर्णय होता.

आकडेवारीच्या रकान्यांची तऱ्हा आणखी वेगळी. ग्राहकाच्या खात्यात ५०० बक्षीस गुण होते. दुकानात त्याने ५० वापरले, तिथे ४५० झाले. त्याच काळात दुसऱ्या प्रणालीने नव्या खरेदीचे ३० दिले, तिथे ५३० झाले. ४५० घेतले काय आणि ५३० घेतले काय, दोन्ही चूक. बरोबर उत्तर ४८०, आणि ते फक्त पायापासूनचे फरक एकत्र केल्यावर येते. म्हणून शिल्लक, गुण, थकबाकी असे आकडे एकमेकांवर चढवू नयेत. त्यांच्यामागचे व्यवहार पाठवावेत आणि बेरीज एकाच ठिकाणी करावी.

एका बाजूने नोंद पुसली आणि दुसरीने दुरुस्त केली, तर पुसणे थांबवावे. दुरुस्ती करणाऱ्याला तो ग्राहक हवा आहे, याचा तो पुरावा आहे. नोंद कायमची काढण्याऐवजी ‘बंद’ अशी खूण करण्याची पद्धत ठेवली, तर ही चूक सहज परतवता येते.

माणसासमोर काय ठेवायचे

नियमांनी जे सुटत नाही ते माणसाकडे जाते. पण कसे जाते यावर सगळे अवलंबून असते. ‘ग्राहक नोंदीत संघर्ष आढळला’ एवढाच निरोप आला, तर कोणीही तो उघडत नाही. पडद्यावर तो एकच रकाना दिसावा. आधी काय होते, विक्रीने काय केले, हिशेबाने काय केले, कोणी आणि केव्हा, हे शेजारी शेजारी असावे. निर्णय कोणी द्यायचा त्याचे नाव ठरलेले असावे. निर्णय होईपर्यंत त्या रकान्यात दोन्ही बाजूंनी आपापली किंमत जपावी, आणि पायातली त्या रकान्याची जुनी किंमत तशीच ठेवावी. नाहीतर पुढच्या फेरीत सिंकला एकच बाजू बदललेली वाटेल आणि तो भांडण परस्पर मिटवून टाकेल.

लिहिण्याच्या क्षणीही एक फट उरते. सिंकने दोन वाजता नोंद वाचली, हिशेब केला आणि चाळीस सेकंदांनी लिहायला गेला. तेवढ्यात प्रतिनिधीने पुन्हा काहीतरी बदलले. म्हणून लिहिताना अट घालावी लागते: मी वाचली तीच आवृत्ती अजून असेल तरच लिही. अनेक प्रणालींत ही सोय असते. आवृत्ती पुढे गेली असेल तर त्या `412 Precondition Failed` असे उत्तर देऊन लिहिणे नाकारतात. मग सिंकने जुना निकाल टाकून द्यायचा, नोंद नव्याने वाचायची आणि तुलना पुन्हा करायची. दोन्हीकडचे लिखाण यशस्वी झाल्यावरच पाया बदलायचा. एकीकडे लिहिले गेले आणि दुसरीकडे वीज गेली, तरी मग नुकसान होत नाही. पुढच्या फेरीत तुलना जुन्या पायाशी होते आणि राहिलेला बदल आपोआप पोचतो.

प्रत्येक निकालाची नोंदवही ठेवणे ही शेवटची, पण न टाळता येणारी गोष्ट. हरलेली किंमतही तिच्यात लिहिलेली हवी. चुकीचा नियम आज ना उद्या सापडतोच, पण हरलेली किंमत जपलेली नसेल तर तो दुरुस्त करूनही गेलेला पत्ता परत येत नाही.

तुमच्या कार्यालयात दोन प्रणाली जोडून देणारा कोणी आला, तर दराआधी त्याला तीन प्रश्न विचारा. तुलना अख्ख्या नोंदीची करता की रकान्याची? मागच्या सिंकची प्रत कुठे ठेवता? आणि हरलेली किंमत मला तीन महिन्यांनी दाखवू शकाल का? त्याने एवढेच सांगितले की ‘आमच्याकडे शेवटची दुरुस्ती राहते’, तर त्याच्या व्यवस्थेत तुमच्या माणसांचे काम गुपचूप पुसले जाणार आहे, असे खुशाल समजा. करारावर सही करण्याआधी एक ग्राहक निवडा, दोन्हीकडे मुद्दाम वेगवेगळे रकाने बदला, सिंक चालवा आणि काय उरते ते स्वतः बघा. दहा मिनिटांच्या या परीक्षेत कळते ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.